क्रॉस का आयसोलेटेड? एकाच सौद्याला लिक्विडेशन ५४ हजार आणि ४० हजार दाखवतंय, सल्ला द्या

राजारामपुरी_आठवी_गल्ली
मंडळी, बीटीसीच्या पर्पेच्युअलमध्ये ०.१ बीटीसी लाँग करायचा विचार आहे. भाव ६०,००० धरा, लिव्हरेज १० पट. फ्युचर्स वॉलेटमध्ये २,००० यूएसडीटी आहेत. ऑर्डर टाकायच्या आधी कॅल्क्युलेटरवर बघितलं तर लिक्विडेशन, म्हणजे एक्स्चेंज सौदा जबरदस्तीनं तोडतं तो भाव, आयसोलेटेडला ५४,२७१ येतंय आणि क्रॉसला ४०,२०१. एवढा फरक असेल तर क्रॉसच बरं की! मग लोक आयसोलेटेड घेतात कशाला? यानंतर ईथरचाही एक लाँग घ्यायचा आहे, तेवढ्याच किमतीचा.

रंकाळा_चौपाटी
क्रॉसच घे भावा. भीती वाटत असेल तर लिव्हरेज १० वरून ५ कर, लिक्विडेशन अजून खाली जाईल. आयसोलेटेडमध्ये जरा भाव हलला की गेलं सगळं.

शाहूपुरी_हिशेब
रंकाळा, अर्धं बरोबर. लिव्हरेज कमी केल्यावर लिक्विडेशन लांब जातं ते आयसोलेटेडमध्ये, कारण तिथं लिव्हरेजच ठरवतं की या सौद्याच्या नावावर किती पैसे बांधायचे. क्रॉसमध्ये ०.१ बीटीसी तेवढंच ठेवून लिव्हरेज ५ करा नाहीतर २० करा, ४०,२०१ जागचं हलत नाही. फक्त अडकलेली रक्कम बदलते. १० पटीला ६०० अडकतात, २० पटीला ३००. तोटा भरायला मात्र दोन्हीकडं अख्खे २,००० उभे असतात.

आठवी गल्ली, तुमचे दोन्ही आकडे एकाच सूत्रातून आलेत. लाँगसाठी असं:

```
लिक्विडेशन = (संख्या × खरेदी भाव − मार्जिन) ÷ (संख्या × (१ − मेंटेनन्स दर))

आयसोलेटेड : (६,००० − ६००)   ÷ ०.०९९५ = ५४,२७१
क्रॉस      : (६,००० − २,०००) ÷ ०.०९९५ = ४०,२०१
```

मेंटेनन्स दर, म्हणजे सौदा चालू ठेवायला त्याच्या किमतीच्या किती टक्के रक्कम शिल्लक लागते ते, ०.५ टक्के धरलाय. तुमच्या एक्स्चेंजचा तक्ता बघा, सौदा मोठा होईल तसा हा दर टप्प्याटप्प्यानं चढतो आणि लिक्विडेशन जवळ येतं. सूत्रात बदललंय काय? फक्त मार्जिनच्या जागची रक्कम. म्हणजे क्रॉसनं सौदा सुरक्षित केलेला नाही, तुमचे उरलेले १,४०० सुद्धा पणाला लावलेत. ५४,२७१ ला आयसोलेटेड तुटलं तर साधारण ६०० जातात. क्रॉस ४०,२०१ ला तुटलं तर जवळजवळ सगळे २,०००.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
हे पटलं. पण बीटीसी ४० हजारांवर यायला ३३ टक्के पडायला पाहिजे. तेवढं एका झटक्यात होणार नाही असं धरलं तर?

शाहूपुरी_हिशेब
एकटाच सौदा असता तर ते गणित ठीक होतं. पण तुम्ही ईथरही घेणार म्हणालात, आणि खरी मेख तिथं आहे. क्रॉसमध्ये स्क्रीनवर दिसणारं लिक्विडेशन हे "बाकी सगळे भाव आहेत तिथंच थांबले तर" असं गृहीत धरून काढलेलं असतं.

तुमचाच हिशेब पुढं नेऊ. ३,००० च्या भावानं २ ईथर लाँग, म्हणजे हाही सौदा ६,००० चा. घेतल्या घेतल्या बीटीसीसमोर ४०,५०२ दिसेल, कारण ईथरचं ३० मेंटेनन्सही आता त्याच वॉलेटमधून राखून ठेवावं लागतं. फार काही बदललं नाही असं वाटेल. आता ईथर ३,००० वरून २,८०० वर आलं आणि बीटीसी ६०,००० वरच उभं आहे असं समजा. ईथरचा तोटा ४००. तो वॉलेटमधून वजा झाला की बीटीसीचं लिक्विडेशन ४४,५०२. बीटीसीचा भाव रुपयानं हलला नाही, तरी त्याचं लिक्विडेशन ४ हजारांनी वर सरकलं.

प्रत्यक्षात तर दोघं बरोबरच पडतात. दोन्ही सारख्याच टक्क्यांनी पडली तर १२,००० च्या सौद्यावरचा तोटा २,००० मधून फेडायचा आहे. मेंटेनन्स सोडून १,९४० उरतात, त्याला ११,९४० नं भागलं की १६.२५ टक्के. म्हणजे बीटीसी ५०,२५० च्या आसपास आणि ईथर २,५१२ च्या आसपास असताना खातं संपलं. सुरुवातीला स्क्रीन ४०,५०२ दाखवत होती आणि मोडलं ५०,२५० ला. ३३ टक्क्यांची वाट बघणारा माणूस १६ टक्क्यांत बाहेर.

गंगावेस_ताई
यात एक भर. खाली आलेलं लिक्विडेशन बघून लोक सौदा वाढवतात. क्रॉसमध्ये १,४०० "उपलब्ध" दिसतात ना, ते मोकळे नसतात, तेच तर त्या ४०,२०१ चा आधार आहेत. ते दुसऱ्या सौद्यात घातले की आधार दोघांत वाटला गेला. आयसोलेटेडमध्ये उपलब्ध दिसतात ते खरंच मोकळे.

दुसरं, स्टॉपलॉस. आठवी गल्ली, तुमचा स्टॉप कुठं आहे ते लिहिलं नाहीत. समजा ५६,००० ला आहे, तर तोटा ४००, मोड कुठलाही असो. मग क्रॉस की आयसोलेटेड हा प्रश्न बराचसा गळून पडतो, स्टॉप चुकला तर काय एवढाच उरतो. फक्त आयसोलेटेडमध्ये हौसेनं २० पट करू नका. तिथं मार्जिन ३०० आणि लिक्विडेशन ५७,२८६. तुमचा ५६,००० चा स्टॉप त्याच्या खाली पडला, त्याची पाळी यायच्या आधीच सौदा काढून घेतलेला असेल. ऑर्डरच्या यादीत स्टॉप दिसतो म्हणून माणूस निवांत असतो.

हुपरीचा_चांदीवाला
आमच्याकडं चांदीचा माल तयार होऊन जाईपर्यंत एमसीएक्सवर सिल्व्हर मिनी विकून ठेवतात. शिवाय सोन्याचा एखादा सौदा असतो. सोन्यात तोटा झाला की चांदीच्या सौद्याला पण मार्जिन कमी पडतं म्हणून ब्रोकरचा फोन येतो. हे आयसोलेटेड तिथं कसं चालू करायचं? ॲपमध्ये सापडेना.

शाहूपुरी_हिशेब
हुपरीकर, तिथं ते बटणच नाही. ब्रोकरकडं एकच खातं, एकच शिल्लक, रोजचा एमटीएम, म्हणजे त्या दिवसाच्या भावानं निघालेला नफातोटा, त्यातूनच जातो. म्हणजे स्वभावानं ते क्रॉसच. वेगळं ठेवायचं असेल तर सोन्याचा सौदा दुसऱ्या ब्रोकरकडच्या खात्यात करा. आणि एक फरक ध्यानात ठेवा. क्रिप्टोत किरकोळ ग्राहकाचा तोटा सहसा खात्यातल्या रकमेवर थांबतो, तुमच्याकडं खातं उणे झालं तर ब्रोकर वसूल करतो.

रंकाळा_चौपाटी
बरं, लिव्हरेजचं मान्य. पण मग क्रॉस कुणासाठीच नाही म्हणता का? मोठे ट्रेडर तर तेच वापरतात.

शाहूपुरी_हिशेब
तसं नाही. सौदे एकमेकांविरुद्ध असतील तर क्रॉसच पाहिजे. वरच्याच उदाहरणात बीटीसी लाँग आणि ईथर शॉर्ट असं धरा. दोन्ही १० पट, आयसोलेटेड. बाजार १० टक्के पडला, बीटीसी ५४,००० वर. लाँग ५४,२७१ लाच तुटला, ६०० गेले. ईथरच्या शॉर्टमध्ये ६०० नफा बसलाय, पण आयसोलेटेडमध्ये तो लाँगला वाचवू शकत नाही. आता हातात उघडा शॉर्ट. बाजार परत फिरला की तो नफाही विरघळतो आणि ६०० चा खड्डा तसाच राहतो. क्रॉसमध्ये हेच दोन सौदे असते तर एकाचा नफा दुसऱ्याच्या तोट्यासमोर धरला जातो, खातं २,००० च्या आसपासच राहतं. अर्थात बीटीसी पडलं आणि ईथर चढलं तर दोन्ही पाय एकदम दुखतात, तो धोका उरतोच.

तुमचे दोन्ही लाँग आहेत, म्हणून तुम्हाला आयसोलेटेड सांगतोय.

गंगावेस_ताई
फंडिंगचं, म्हणजे पर्पेच्युअलमध्ये लाँग आणि शॉर्टवाले ठरावीक वेळानं एकमेकांना देतात त्या रकमेचं, कुणीच बोललं नाही. दर ०.०१ टक्के आणि आठ तासांनी एकदा धरलं तर ६,००० वर दिवसाला १.८ यूएसडीटी. किरकोळ वाटतं, पण ३० दिवस सौदा धरून ठेवला तर ५४. हे आयसोलेटेडच्या मार्जिनमधून गेलं तर ६०० चे ५४६ होतात आणि लिक्विडेशन ५४,२७१ वरून ५४,८१४ वर येतं. स्टॉप ५४,५०० ला लावून महिनाभर धरणाऱ्याचा स्टॉप आपोआप निकामी.

शाहूपुरी_हिशेब
ताई, ते सगळीकडं तसं नसतं. फंडिंग आधी वॉलेटच्या मोकळ्या शिल्लकेतून जातं आणि ती संपल्यावरच मार्जिनला हात लागतो, अशीही पद्धत आहे.

गंगावेस_ताई
असेल. पण मोकळी शिल्लक शून्य ठेवून आयसोलेटेड चालवणारे कमी नाहीत, त्यांना माझाच हिशेब लागू पडतो. आठवी गल्ली, पहिल्या फंडिंगनंतर सौद्याच्या मार्जिनचा आकडा बघा, ६०० चे ५९९.४० झाले का ते. लगेच कळेल तुमच्याकडं कुठून कापतात.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
म्हणजे दोन्ही आयसोलेटेड, १० पट, ६०० आणि ६००, आणि ८०० बाजूला. स्टॉप ५६,००० ला. उद्या भाव ५६ हजारांच्या जवळ येऊन स्टॉप काढावासा वाटला तर त्या ८०० मधले २०० घालता येतात ना?

शाहूपुरी_हिशेब
येतात. ८०० मार्जिन झालं की लिक्विडेशन ५२,२६१. पण आपोआप मार्जिन भरण्याचं सेटिंग असेल तर ते बंद आहे याची खात्री करा. ते चालू राहिलं की एक्स्चेंज स्वतःच ८०० मधून भर घालत राहतं आणि नावाला आयसोलेटेड, चालीला क्रॉस होतं. बऱ्याच ठिकाणी सौदा किंवा ऑर्डर उघडी असताना मोड बदलता येत नाही, म्हणून दोन्ही जोड्यांचा मोड ऑर्डरच्या आधी लावा. तो जोडीनिहाय असू शकतो, बीटीसीला लावला म्हणून ईथरला लागला असं समजू नका.

स्टॉपचा ट्रिगर मार्क प्राइसवर ठेवा, म्हणजे शेवटच्या सौद्याच्या भावावर नाही तर एक्स्चेंज स्वतः काढतं त्या भावावर. लिक्विडेशन मार्क प्राइसवरच होतं, दोन्ही एकाच मापानं मोजलेलं बरं.

रंकाळा_चौपाटी
ट्रिगर मी शेवटच्या भावावर ठेवतो, जास्त लवकर सुटतो.

गंगावेस_ताई
लवकर सुटतो, आणि एखाद्या खोट्या झटक्यातही सुटतो. यावर वेगळा धागा काढा, इथं मिटणार नाही.