मदत हवी आहे: बाबांची 'चमक' आणि 'गोळा' हिंदीत डॉक्टरांना कसं सांगू?

बागाईतदार_निफाड
मंडळी, औषध नको, शब्द हवेत. बाबा ६७ वर्षांचे, साखर आहे, उजवी पोटरी दुखते. दाखवायला नाशिकला माझ्याकडे येतात. डॉक्टरांना मराठी येत नाही. बाबांनी त्यांच्या हिंदीत सांगितलं, "पाय में गोळा आता है, कभी चमक भी आती है." डॉक्टर पायाच्या कातडीकडे निरखून बघायला लागले, चमक कुठे दिसते म्हणून! शेवटी मीच मध्ये पडून 'क्रॅम्प' म्हणालो. लगेच कॅल्शियम लिहून दिलं. महिना झाला, काडीचा फरक नाही. आता बाबा म्हणतात, "गोळा म्हणजे तसा गोळा नाही रे, भरून येतं." गुरुवारी परत जायचंय. काय सांगू?

सिडकोकर
गोळा म्हणजे क्रॅम्पच, बरोबर सांगितलंत तुम्ही. माझ्या सासूबाईंना रात्री यायचा. पायाचा पंजा स्वतःकडे ओढून धरला की सुटायचा. कॅल्शियम चालू ठेवा, वेळ लागतो.

मीनाताई_पंचवटी
तिळाचं तेल कोमट करून खालून वर चोळा. आमच्या ह्यांना गुण आला.

बागाईतदार_निफाड
ताई, तेल आहे घरात. शब्द नाहीत.

निवृत्त_सिस्टर
वॉर्डात तीस वर्षं काढली, म्हणून सांगते. सिडकोकर म्हणतात तो गोळा खरा, त्यालाच वांब म्हणतात. झोपेत येतो, पोटरी हाताला दगडासारखी लागते, ताणली की सुटते. मागे राहते ती नुसती रग. पण त्यासाठी कॅल्शियम कमीच असेल असं नाही. बहुतेकांना कारण सापडतच नाही.

'भरून येणं' मात्र बहुतेक वेळा चालण्याशी बांधलेलं असतं. बाबांना चालवून बघा. किती अंतरावर दुखतं, थांबल्यावर उभ्यानेच ओसरतं की बसावं लागतं, एवढं टिपा. बसल्यावर किंवा पुढे वाकल्यावरच बरं वाटत असेल तर कंबरेच्या मणक्याचा संशय येतो.

दाढदुखीग्रस्त
माझंही असंच झालं. सगळ्याला 'ठणका' म्हणायचो. डेंटिस्टनी विचारलं, गार पाण्याने तिडीक येऊन क्षणात जाते की नंतरही ठणकत राहतं? राहायचं, रात्रभर. रूट कॅनाल झालं.

बागाईतदार_निफाड
आज सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर नेलं. अर्धी फेरी होत नाही तोच पोटरी धरून थांबले. उभ्याउभ्याच दोन-तीन मिनिटांत ओसरलं, बसायची गरज पडली नाही. पुन्हा निघालो, साधारण तेवढ्याच अंतरावर पुन्हा तेच. पोटरी दाबून बघितली, मऊ होती. चमक वेगळीच निघाली. द्राक्षांचं क्रेट वाकून उचललं की कंबरेतून मांडीच्या मागे सर्रकन उतरते.

निवृत्त_सिस्टर
मग ही दोन दुखणी आहेत, एका दमात सांगू नका. पहिल्यासाठी कागदावर लिहा: "चलने पर पिंडली में दर्द होता है, हर बार लगभग उतनी ही दूरी पर. खड़े रहने से दो-तीन मिनट में ठीक हो जाता है." रक्तपुरवठा कमी पडला की असं होतं. तेच आहे का, हे डॉक्टर ठरवतील. पावलावरची नाडी तपासायला सांगा. घोट्याचं बीपी दंडाच्या बीपीशी ताडून बघतात. पण साखर असलेल्यांच्या शिरा कडक झालेल्या असतात, तेव्हा तो आकडा चांगला आला तरी निर्धास्त होऊ नका. बिडी-तंबाखू?

चमकेसाठी "कमर से पैर तक बिजली जैसा झटका" म्हणा, समजेल.

बागाईतदार_निफाड
बिडी आहे. चोरून.

सिडकोकर
आमच्याकडे दिवसभर उभं राहून पाय जड झाले तरी 'भरून आले' म्हणतात. मग त्यालाही रक्तपुरवठा का?

निवृत्त_सिस्टर
नाही. म्हणूनच तर एकटा शब्द धरून चालत नाही. बागाईतदार, आणखी एक विचारते. रात्री आडवं पडल्यावर पावलात किंवा बोटांत ठणका लागतो का?

बागाईतदार_निफाड
बाबा म्हणतात, रात्रीचं काही नाही. आईला फोन केला तर ती म्हणाली, पंधरा दिवस झाले, पाय खाटेखाली सोडून झोपतात, तसंच बरं वाटतं म्हणतात. आता कोणाचं खरं मानू?

निवृत्त_सिस्टर
आईचं. पाय खाली सोडल्यावर बरं वाटतं, हे वाक्य डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा. बोटांच्या मधे जखम किंवा काळपटपणा आहे का तेही आत्ता बघा. आणि गुरुवारपर्यंत थांबू नका, उद्याच जा.

बागाईतदार_निफाड
करंगळीजवळ एक बारीक जखम आहे. चप्पल लागली म्हणतात. निघतोय सकाळी.