आवाज येतो, चित्र दिसत नाही: 203 मधील टीव्हीबद्दल ग्रुपवर झालेली चर्चा

सौ. मंगल पाटील (203): नमस्कार. आमच्या 43 इंची टीव्हीचा आवाज रविवार संध्याकाळपासून व्यवस्थित येत आहे, रिमोटने तो कमी-जास्तही होतो, परंतु पडदा जवळजवळ काळा राहतो. टीव्ही घेऊन सव्वापाच वर्षे झाली, त्यामुळे वॉरंटी संपलेली आहे. आज सकाळी एका दुकानातील माणूस आला आणि मागचे झाकणही न उघडता ‘पॅनल गेले आहे, साडेचौदा हजार लागतील, त्यापेक्षा नवीनच घ्या’ असे सांगून गेला. सासूबाईंना गुडघ्यांमुळे बाहेर पडता येत नाही आणि त्यांचा बराचसा दिवस टीव्हीसमोर जातो, म्हणून निर्णय लवकर घ्यायचा आहे. कोणाला अनुभव असल्यास कृपया सांगावे.

श्री. देसाई (302): वहिनी, काही टीव्हींमध्ये नुसती गाणी ऐकण्यासाठी चित्र बंद ठेवण्याची सोय असते, आणि वीज वाचवण्याच्या सेटिंगमध्येही पडदा फार मंद होतो. मुलांकडून चुकून तसे काही झाले आहे का, हे आधी पाहावे.

सौ. मंगल पाटील (203): पाहण्याचा प्रयत्न केला, परंतु मेनूच दिसत नाही. सेट-टॉप बॉक्स काढून पाहिला तरी फरक पडला नाही. एक गोष्ट मात्र लक्षात आली. टीव्ही सुरू करताना कंपनीचे नाव सेकंदभर स्वच्छ चमकते आणि लगेच अंधार होतो.

चौगुले काका (101): वहिनी, शेवटी सांगितलेली गोष्ट फार महत्त्वाची आहे. शहापुरात माझे टीव्ही दुरुस्तीचे दुकान सव्वीस वर्षे होते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो; ग्रुपमधील सर्वांनाच उपयोग होईल.

आपण ज्याला एलईडी टीव्ही म्हणतो, त्याचा पडदा स्वतः प्रकाश देत नाही. काचेच्या पॅनलवर चित्र तयार होते आणि त्यामागे ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर बसवलेले छोटे एलईडी दिवे ते उजळतात. या मागच्या उजेडाला बॅकलाइट म्हणतात. तो विझला तर चित्र पडद्यावर तयार होत राहते, आवाजही येत राहतो, फक्त पाहण्यापुरता उजेड नसतो. गणपतीच्या आराशीतील जुन्या दिव्यांच्या माळेत एक दिवा उडाला की सगळी माळ विझत असे, तसेच येथेही असते, कारण हे एलईडी एकापाठोपाठ एक जोडलेले असतात. एका ओळीत 24 एलईडी असतील आणि त्यांतील एकच तुटला, तर उरलेले 23 चांगले असूनही विझतात. ओळी दोन असतील, तर कधी कधी अर्धाच पडदा काळा होतो.

आता सेकंदभर चमकण्याविषयी. बॅकलाइटला वीज पुरवणारे सर्किट सुरू होते, ओळीत बिघाड असल्याचे त्याला कळते आणि ते संरक्षणासाठी स्वतःहून बंद होते. म्हणजे ते सर्किट निदान सुरू तरी होत आहे आणि पॅनलही चित्र दाखवत आहे. मला येथे पट्ट्यांवरच जास्त संशय आहे. तरीही खात्रीसाठी टॉर्चची चाचणी करून पाहावी. तिला खर्च नाही आणि झाकणही उघडावे लागत नाही.

रात्री खोलीतील सर्व दिवे बंद करून पडदे ओढून घ्यावेत. टीव्ही सुरू करून अर्धा मिनिट थांबावे आणि रिमोटवरील मेनूचे बटण दाबावे, म्हणजे पडद्यावर मोठी, स्थिर अक्षरे येतील. हलत्या चित्रापेक्षा ती ओळखायला सोपी जातात. मग टॉर्च काचेपासून दोन-तीन बोटांवर तिरपा धरून सावकाश फिरवावा. उजेड जिथे सर्वांत प्रखर पडतो तिथे न पाहता त्या वर्तुळाच्या कडेला पाहावे, कारण मध्यभागी नुसती चकाकी दिसते. मोबाइलचा टॉर्च चालतो, परंतु अरुंद झोताची बॅटरी असल्यास अधिक चांगले. टॉर्चचा उजेड पॅनलमधून आत जातो, मागच्या पांढऱ्या शीटवर आपटून परत येतो आणि त्यातच चित्र पुसट दिसते. झाकण कृपया कोणीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर दाब काही काळ राहू शकतो.

सौ. मंगल पाटील (203): काका, आताच पाहिले. आधी काहीच दिसेना, म्हणून मी टॉर्च बाजूने अगदी तिरपा धरला, तेव्हा डावीकडे मेनूची यादी राखाडी रंगात, पाण्याखाली दिसावी तशी, दिसली. रिमोटचे खालचे बटण दाबले की निवडलेली ओळही खाली सरकत होती. सासूबाईंनी ती अक्षरे वाचून दाखवली!

चौगुले काका (101): मग पॅनल गेले असे म्हणण्याला आधार उरत नाही. पॅनल आणि मुख्य बोर्ड काम करत आहेत, दोष उजेडाच्या बाजूला आहे. पट्ट्या, त्यांना वीज देणारे सर्किट किंवा मधला कनेक्टर, या तिघांपैकी नेमके काय, हे टॉर्च सांगू शकत नाही. ते मेकॅनिकने बॅकलाइट टेस्टरने पट्ट्या बाहेरून पेटवून पाहायला हवे. टेस्टरवरही ओळ पेटली नाही तर पट्टी किंवा तिची जोडणी खराब, आणि सर्व ओळी नीट पेटल्या तर सर्किट तपासायचे.

सुनील (404): काका, मागच्या वर्षी आमच्या टीव्हीचा आवाज येत होता, पण टॉर्चने काहीच दिसले नव्हते. त्याचा अर्थ काय घ्यायचा?

चौगुले काका (101): दिसले तर निष्कर्ष पक्का, न दिसले तर अपुरा. काही पडदे चकाकी टाळण्यासाठी इतके मंद केलेले असतात की टॉर्च कमी पडतो. पुन्हा पाहूनही काही दिसले नाही, तर पॅनलला चित्राचे संकेत पुरवणारा टी-कॉन बोर्ड, त्याची पट्टी-केबल किंवा खुद्द पॅनल यांचा संशय घ्यावा. पडद्यावर करडा किंवा निळसर उजेड आहे पण चित्र नाही, अशा वेळी बॅकलाइट ठीक असतो आणि टॉर्चची गरजच नसते. ओलेड टीव्हीला ही चाचणी लागूच होत नाही, कारण तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, मागे दिवे नसतात.

श्री. देसाई (302): माझे मत थोडे वेगळे आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून 32 इंचांहून मोठ्या टीव्हीवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला आहे. पाच वर्षांच्या टीव्हीत पैसे घालण्यापेक्षा नवीनच घेणे बरे नाही का?

चौगुले काका (101): देसाईसाहेब, प्रश्न योग्य आहे, परंतु दुरुस्तीचा आकडा कळल्याशिवाय त्याचे उत्तर देता येणार नाही. वहिनी, दोन ठिकाणी विचारावे आणि ‘टॉर्चने मेनू दिसतो’ हे आधीच सांगावे.

सौ. मंगल पाटील (203): दोन्ही ठिकाणी विचारून आले. खडेबाजाराजवळील दुकानात 900 रुपये सांगितले आणि एक चिठ्ठी दिली. ती कन्नडमध्ये असल्याने फोटो टाकत आहे. अनगोळच्या मेकॅनिकने तीनही पट्ट्या, मजुरी आणि तीन महिन्यांची हमी मिळून 3,400 सांगितले. याच आकाराचा साधा नवीन टीव्ही आम्हाला 23,000 च्या आसपास पडेल.

चौगुले काका (101): चिठ्ठी वाचली. तिच्यात ‘एक एलईडी जोडून देणे’ एवढेच लिहिले आहे. म्हणजे तुटलेला एलईडी वगळून पुढची जोडणी करायची. टीव्ही पेटेल, परंतु त्या जागी काळपट डाग राहील, आणि बाकीचे एलईडीही तेवढेच तास, तेवढ्याच उष्णतेत जळलेले असल्याने पुढचा केव्हा जाईल ते सांगता येत नाही. तो गेला की पॅनल पुन्हा उतरवावे लागेल.

खरी जोखीम या पॅनल उतरवण्यातच आहे. पट्ट्या पॅनलच्या मागे असतात, त्यामुळे त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी काच बाजूला काढून ठेवावी लागते. ती पातळ असते आणि तिच्या कडेला चिकटलेल्या नाजूक फिती थोड्या जरी ताणल्या गेल्या, तरी पडद्यावर कायमच्या उभ्या रेषा येतात. 43 इंची पॅनल उचलायला दोन माणसे हवीत. माझ्या दुकानात एकदा घाईत एकट्याने उचललेले पॅनल कोपऱ्यातून तडकले आणि मला ग्राहकाला त्याची भरपाई द्यावी लागली. त्यानंतर मी ते काम कधीही एकट्याने होऊ दिले नाही. म्हणून जे काम एकदाच करायचे, ते पूर्ण करावे. सर्व पट्ट्या एकदम बदलल्या की उजेडही सारखा राहतो.

माझ्या हिशेबात दुरुस्ती नवीन टीव्हीच्या किमतीच्या एक तृतीयांशाच्या आत असेल आणि पडद्यावर आधीपासून रेषा किंवा डाग नसतील, तर ती करून घ्यावी. येथे खर्च सहाव्या हिश्श्याच्याही आत बसतो. देसाईसाहेब, हाच टीव्ही नऊ-दहा वर्षांचा असता, किंवा पॅनल बदलायचे साडेचौदा हजार असते, तर मी आपल्याच बाजूने बोललो असतो.

वहिनी, काम देण्यापूर्वी अनगोळच्या मेकॅनिककडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. काम करताना पॅनल फुटल्यास भरपाई कोणी द्यायची, हमी पट्ट्यांवर आहे की फक्त मजुरीवर, आणि जुन्या पट्ट्या परत मिळतील का.

सौ. मंगल पाटील (203): काल संध्याकाळी टीव्ही घरी आला. दोघांनी मिळून पॅनल उतरवले, मी समोरच बसले होते. टेस्टर लावल्यावर दोन पट्ट्या लख्ख पेटल्या, मधली पेटली नाही. जुन्या पट्ट्या परत आणल्या आहेत. मधल्या पट्टीवरील पाचव्या एलईडीच्या पिवळ्या ठिपक्यात मोहरीएवढा तपकिरी डाग स्पष्ट दिसतो. पॅनल फुटल्यास भरपाई देण्याचे त्यांनी बिलावर लिहून दिले, मात्र हमी फक्त पट्ट्यांवर आहे.

चौगुले काका (101): छान झाले. आता पूर्ण पांढरे चित्र लावून चारही कोपरे पाहावेत. कुठे गोल, प्रखर ठिपका दिसला तर एलईडीवरील लेन्स निसटलेली असते, आणि ती हमीच्या काळातच बसवून घ्यावी. बॅकलाइटचे सेटिंग 100 वर असेल तर ते 60 च्या आसपास आणावे. रात्री घरात पाहायला तेवढा उजेड पुरतो आणि एलईडी कमी तापतात.

सौ. मंगल पाटील (203): सेटिंग 100 वरच होते, आता 60 केले आहे. कोपरे स्वच्छ आहेत. सासूबाईंना विचारले, तर त्यांना काही फरक जाणवत नाही असे म्हणाल्या.