अंगावर पित्त उठतंय, कित्येक महिने झाले तरी थांबत नाही: अनुभव सांगा

सावली_ठाणे (धागाकर्ती)

गौरी जेवल्या त्या रात्री पहिल्यांदा उठलं. मांडीवर चार गांधी, मग पोटावर, मग पाठभर. सासूबाई म्हणाल्या नारळ बाधला. मलाही पटलं, कारण दोन दिवस मोदक, पुरण, ओलं खोबरं असंच चाललं होतं. पण गणपती गेले, दसरा गेला, दिवाळी आली, आणि गांधी रोज हजर. पहाटे चार-साडेचारला खाजेने जाग यायची आणि नवरा न सांगता पंखा वाढवायचा.

नोव्हेंबरात ओळखीतल्या एकीच्या सांगण्यावरून रक्ताचं मोठं अ‍ॅलर्जी पॅनेल केलं. रिपोर्ट अकरा पानांचा. लाल पट्ट्या कशाकशापुढे? वांगं, तूरडाळ, गहू, दूध, शेंगदाणे, झुरळ, घरातली धूळ. झुरळ मी खात नव्हतेच, बाकीचं सगळं सोडलं. महाराष्ट्रात राहून गहू, तूर आणि दाणे सोडून बघा एकदा! पाच आठवड्यांत पाच किलो वजन उतरलं. गांधी तेवढ्याच.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी रिपोर्ट चाळला, बाजूला ठेवला आणि मला सांगितलं, की उद्या पहाटे उठलेल्या एका गांधीभोवती पेनाने गोल काढा, वेळ लिहून ठेवा आणि ती कधी जाते ते बघा. मी कमरेवर निळा गोल काढला, ४.४०. अकराच्या सुमारास ऑफिसच्या बाथरूममध्ये पाहिलं तर गोल तसाच, आत काही नाही. कोरी कातडी. आणि दोन नव्या गांधी दंडावर.

सध्या रोज गोळी चालू आहे, सुधारतंय. पण हे पेनाचं प्रकरण कशासाठी, आणि ती टेस्ट कुणाच्या खरंच उपयोगी पडली का, हे जाणून घ्यायचंय. ज्यांनी भोगलंय त्यांनी लिहा.

अप्पा कुडाळकर

आमच्याकडे याला औषध एकच. आमसुलं कोमट पाण्यात कुस्करायची आणि ते पाणी अंगाला चोळायचं. दहा मिनिटांत खाज बसते. मी स्वतः चाळीस वर्षं करतोय. मूळ कारण पोट साफ नसणं. एरंडेल घ्या, जंत पाडा, जातं. फारच झालं तर आमचे फॅमिली डॉक्टर प्रेडनिसोलोन देतात, चार दिवसांत लख्ख. गोळी बंद केली की आठवड्याने परत येतं खरं, पण तेव्हा परत घ्यायची.

नितीन_पीएमसी

मलाही पित्ताचा भयंकर त्रास आहे. सकाळी चहा घेतला की छातीत जळजळ, आंबट ढेकर. पॅन्टोप्राझोल चालू आहे. ही अ‍ॅलर्जी टेस्ट मी करू का?

सावली_ठाणे

नितीन, तुमचं ते पोटातलं पित्त, माझं अंगावरचं. एकाच शब्दाने दोघांची पंचाईत केलीय. (मलाही केमिस्टने आधी अ‍ॅसिडिटीचीच गोळी दिली होती.)

अप्पा, आमसुलाचं पाणी मीही लावते. खाज बसते हे खरं, पण पहाटे नव्या उठतातच.

डॉ_शेवंती

कोल्हापुरात त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. दोन पेशंटांच्या मधे लिहितेय, तुटक वाटेल.

सावली, पेनाचा गोल घड्याळासाठी. तुमची प्रत्येक गांध काही तासांत विरते, मागे डाग ठेवत नाही, आणि दुसरीकडे नवी उठते. सहा आठवड्यांच्या पुढे रोज किंवा जवळजवळ रोज असं चाललं, तर खाण्यातली अ‍ॅलर्जी हे कारण निघणं फारच विरळा. खाण्याची खरी अ‍ॅलर्जी वेळेची पक्की असते. तो पदार्थ पोटात गेला की मिनिटांत, फार तर दोनेक तासांत त्रास होतो, दर वेळी होतो आणि दिवसभरात ओसरतो. पहाटे साडेचारला उठलेल्या गांधीचा दोष रात्री आठला खाल्लेल्या वांग्यावर टाकता येत नाही. शिवाय तुम्ही वांगं बंद केल्यावरही त्या उठतच राहिल्या. तोच तुमच्या पॅनेलचा निकाल.

मग लाल पट्ट्या कसल्या? त्या पदार्थाविरुद्धची अँटीबॉडी रक्तात सापडली, एवढाच त्यांचा अर्थ. ती सापडूनही पदार्थ आयुष्यभर पचवणारी माणसं भरपूर आहेत. दोनशे पदार्थ तपासले तर काही ना काही लाल येणारच. मी माझ्या अशा पेशंटांत साधा सीबीसी आणि ईएसआर किंवा सीआरपी बघते, कधी थायरॉइडच्या अँटीबॉडी आणि एकूण आयजीई. त्यापुढे काय तपासायचं ते पेशंटची हकिगत ठरवते. बऱ्याच जणांत दोष बाहेरच्या पदार्थाचा नसतोच, शरीराच्याच अँटीबॉडी त्वचेतल्या मास्ट पेशींना डिवचत असतात आणि त्यातून हिस्टामिन सुटतं.

अप्पा, आमसुलाला माझी हरकत नाही, गार ओल्या फडक्यानेही तेच होतं. जंतांचं म्हणाल तर शौच तपासणीत किंवा सीबीसीत तसं काही दिसलं तर मीही औषध देते. पण प्रेडनिसोलोन असं पुन्हा पुन्हा घेऊ नका. तुम्हीच लिहिलंय की बंद केलं की परत येतं. साखर, रक्तदाब आणि हाडं यांची किंमत मोजून आठवडाभराची सुटका मिळते.

भरतीवाला_९८

मॅडम, माझ्या बाबतीत टेस्टनेच वाचवलं, म्हणून लिहितो. गाव सातारा जिल्ह्यात. पोलीस भरतीची तयारी करत होतो. चार महिन्यांत पाच वेळा मैदानावर अंगभर गांधी उठल्या. पाचव्या वेळी ओठ सुजले, घसा आवळला आणि १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडलो. मित्रांनी मोटारसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेलं.

सगळे म्हणायचे ऊन लागलं. पुण्याच्या डॉक्टरांनी पाचही दिवसांचा हिशोब मांडायला लावला: काय खाल्लं, किती वाजता, पळायला कधी सुरुवात केली. आईने सांगितलं म्हणून कळलं, की पाचही वेळा सकाळी चपाती खाऊन तासाभरात पळालो होतो. भाकरी खाऊन पळालो त्या दिवशी कधीच काही झालं नाही. चपाती खाऊन नुसता झोपलो तरी काही नाही. मग त्यांनी गव्हातल्या ओमेगा-५ ग्लायाडिन या एकाच प्रथिनाची रक्ततपासणी लिहिली, ती पॉझिटिव्ह आली. गव्हाची साधी टेस्ट आधी केली होती, ती निगेटिव्ह होती, त्यामुळे आम्ही गव्हाला केव्हाच माफ केलं होतं.

आता पळण्याआधी सहा तास गहू नाही, अंगदुखीची गोळी घेऊन पळायचं नाही, एकट्याने पळायचं नाही. अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन किटमध्ये असतं. मांडीत कसं द्यायचं ते भावालाही शिकवलंय, आणि ते दिलं तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं असं बजावलंय.

डॉ_शेवंती

भरतीवाल्याचं उदाहरण मी माझ्या ज्युनिअरांना सांगणार आहे, परवानगी गृहीत धरते. फरक बघा. सावलीला रोज, कधीही. याला पाचच वेळा, पण दर वेळी तोच क्रम आणि गांधींबरोबर घसा आणि चक्कर. आधी एका पदार्थावर संशय, मग त्या पदार्थाची टेस्ट. इथे टेस्ट करायलाच हवी.

सुईने टोचून करतात त्या चाचणीबद्दल एक सांगायचं राहिलं. तिच्याआधी साधारण आठवडाभर हिस्टामिनविरोधी गोळी बंद ठेवावी लागते, आणि रोज गांधी उठणाऱ्याला तो आठवडा नरक असतो. काहींच्या त्वचेवर नखाने ओरखडा काढला तरी रेघ सुजते. त्यांच्यात सुई टोचली की पाण्यालाही अ‍ॅलर्जी दिसेल.

टोरांटोची_मावशी

मला कसलीही टेस्ट नाही, फक्त बर्फ. इथल्या डॉक्टरांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फाचा खडा घालून पाच मिनिटं हातावर ठेवला, काढल्यावर दहा मिनिटांत नेमकी त्या खड्याच्या आकाराची गांध. थंडीचंच पित्त. बस स्टॉपवर गाल उठायचे ते सोसलं असतं, पण त्यांनी गार तळ्यात उतरायला सक्त मनाई केली. सगळं अंग एकदम गारठलं तर पाण्यातच शुद्ध जाऊ शकते म्हणे. नातवंडं पोहतात, मी काठावर.

मंजिरी_के

पेनाच्या गोलाने माझं उलटं निघालं. माझी गांध दोन दिवस तशीच राहायची, खाजेपेक्षा ठणकायची जास्त, आणि गेल्यावर मागे तपकिरी-जांभळा डाग. मी सात महिने सेट्रिझिन खात बसले. शेवटी त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासला तेव्हा कळलं, की बारीक रक्तवाहिन्यांना सूज आहे. उपचारच वेगळे निघाले. डाग राहत असेल तर अ‍ॅलर्जीवाल्याच्या नादी लागू नका, एवढंच.

प्रसाद_नाशिक

आमच्या मिसेसचं थायरॉइड नॉर्मल, पण अँटीबॉडी खूप वाढलेल्या. एका डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी सुरू केली, म्हणाले पित्त जाईल. दुसरे म्हणतात गरज नाही. चार महिने झाले, थोडं कमी वाटतंय, पण त्याच काळात रोजची गोळीही चालू आहे. कशाने कमी झालं ते आता कसं ठरवायचं? आणि पाळीच्या आधी वाढतं, ते कुणालाच सांगितलेलं नाही.

डॉ_शेवंती

थायरॉइडचं काम नॉर्मल असताना त्या गोळीने गांधी जातात, यावर माझा विश्वास नाही. पण माझ्या ओळखीतल्या चांगल्या डॉक्टरांचाही आहे, त्यामुळे भांडत नाही. पाळीचं मात्र त्यांना नक्की सांगा, आणि पाळीच्या दिवसांत पोटदुखीसाठी काय घेतात तेही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या बऱ्याच जणांचं पित्त भडकवतात.

सावली_ठाणे

बाप रे, डायक्लोफिनॅक! मी कंबरदुखीसाठी महिन्यातून तीन-चार वेळा घ्यायचे. वहीत बघितलं, त्यातल्या दोन रात्री सगळ्यात वाईट होत्या. बाकीच्यांचं काही सांगता येत नाही.

माझी सध्याची स्थिती. आधी मी खाज सुटली की गोळी घ्यायचे, आता खाज असो-नसो रोज ठरल्या वेळी. बिलास्टिन, रिकाम्या पोटी, त्यानंतर तासभर काही खात नाही. एका गोळीने अर्धंच भागलं, म्हणून डॉक्टरांनी दोन केल्या. म्हणाले, लागलं तर चारपर्यंत नेता येतं, पण तुम्ही स्वतःहून वाढवायच्या नाहीत. त्यानेही नाही भागलं तर ओमालिझुमॅबचं महिन्याचं इंजेक्शन. त्याची किंमत ऐकून मी म्हटलं, दोन गोळ्यांनीच भागवू.

वहीत रोज गांधींना ० ते ३ आणि खाजेला ० ते ३ असे गुण लिहायचे, आठवड्याची बेरीज जास्तीत जास्त ४२. पहिल्या आठवड्याची ३१ होती, गेल्या आठवड्याची ६. मधे शहाणपणा करून गोळ्या बंद केल्या तर नवव्या दिवशी परत उठलं. किती महिने घ्यायच्या विचारलं तर डॉक्टर म्हणाले, बहुतेकांचं काही महिन्यांत किंवा वर्षांत आपोआप थांबतं, तुमचं कधी ते मला सांगता येणार नाही.

तूरडाळीचं वरण मात्र डॉ. शेवंतींचं उत्तर वाचलं त्याच संध्याकाळी केलं. वर लिंबू पिळून दोन वाट्या. रात्री काही उठलं नाही.