हाती आलेलं गूगल ॲड्स खातं: पहिल्या रिपोर्टआधी सुरुवात कुठून?

सायली:
नमस्कार मंडळी,
आधीच्या एजन्सीकडून एका व्यवसायाचं खातं माझ्याकडे आलंय. सर्चचं एकच कॅम्पेन, बोली टार्गेट सीपीएवर, टार्गेट 50. गेल्या महिन्याचा खर्च 12,000, कन्व्हर्जन 240, म्हणजे आकडे टार्गेटला अगदी चपखल. पण मालकांच्या नोंदीत जाहिरातीवरून आलेले फॉर्म फक्त 78 आहेत. पहिला रिपोर्ट पुढच्या आठवड्यात द्यायचाय. आधी रचना बघू, वाया जाणारा खर्च बघू, की कन्व्हर्जन?

अजित:
सायली, आधी सर्च टर्म्स. 90 दिवसांचा रिपोर्ट खर्चाप्रमाणे लाव, नको ते शब्द निगेटिव्हमध्ये टाक, लगेच फरक दिसेल. आणि कन्व्हर्जन तिप्पट दिसतायत तर `Count` बघ. `Every` असेल तर `One` कर, प्रश्न मिटला.

विनय:
माझ्या ऑनलाइन दुकानाच्या खात्यात `One` केलं तर एकाच क्लिकनंतरची दुसरी ऑर्डर मोजलीच जाणार नाही. हे जपून करा.

मंजिरी:
विनयदादा, विक्रीसाठी `Every` हेच बरोबर, पण इथे चौकशीचा फॉर्म आहे. एकाच माणसाने धन्यवादाचं पान पुन्हा उघडलं तर दुसरी चौकशी येत नाही, म्हणून इथे `One`. अजितचं तेवढं खरं आहे. पण `One` एका कृतीच्या आतच लागू होतं. तोच फॉर्म दोन वेगळ्या कृतींत मोजला जात असेल, तर दोन्हीकडे एकेक धरला जाईल. सायली, `Segment` मधून `Conversion action` लाव आणि फोड पाठव. निगेटिव्हना अजून हात लावू नकोस.

सायली:
ताई, फोड अशी: गूगल टॅगवरचा फॉर्म 84, जीए4 मधून आयात केलेला तोच फॉर्म 80, फोन नंबरवर टॅप 46, संपर्क पान उघडलं 30. चारही `Primary`.

मंजिरी:
मग तिढा इथेच आहे. 84 आणि 80 हे बहुतेक तेच फॉर्म, दोन वाटांनी मोजलेले. 84 आणि 78 मधला फरक पुन्हा उघडलेल्या पानांचा किंवा स्पॅमचा असू शकतो, तो किरकोळ आहे. खरा सीपीए 12,000 भागिले 84, म्हणजे साधारण 143.

खर्चाकडे नंतर बघ असं का म्हटलं, ते आता सांगते. कॅम्पेन सेटिंगमध्ये डिस्प्ले नेटवर्कची खूण आहे का बघ. असेल तर रिपोर्ट एडिटरमध्ये नेटवर्क आणि कन्व्हर्जन कृती शेजारी ठेवून बघ.

सायली:
खूण आहे! डिस्प्लेवर 2,600 खर्च, कन्व्हर्जन 70. त्यात टॅगवरचे फॉर्म 3, जीए4 चे 3, फोन टॅप 38, पान 26.

मंजिरी:
बघ, वरवर 2,600 ला 70, म्हणजे 37 चा सीपीए, खात्यातली सगळ्यात स्वस्त जागा. प्रत्यक्षात एक फॉर्म जवळपास 867 ला पडतोय. ॲपमध्ये चुकून बोट लागलं, पान उघडलं, नंबरवर टॅप झाला, आणि बोली लावणारी यंत्रणा तेच यश समजून तिकडे पैसे वळवत राहिली. आधी निगेटिव्ह टाकायला बसली असतीस तर हे हाती लागलं नसतं.

डिस्प्ले वगळलं तर सर्चचा खर्च 9,400, फॉर्म 81, सीपीए सुमारे 116. टॅगवरचा फॉर्म `Primary` ठेवून त्याला `One` कर, बाकी तीन `Secondary` कर, डिस्प्लेची खूण काढ. टार्गेट त्याच दिवशी बदल. ते 50 वरच राहिलं तर यंत्रणेला फॉर्म अचानक दुप्पट महाग झालेले दिसतील, बोली पडतील आणि जाहिराती दिसेनाशा होतील. सुरुवातीला 125 ठेव. आदल्या एजन्सीने खूण कधी लावली ते `Change history` मध्ये दिसेल. तिथे दोन वर्षांपर्यंतचे बदल असतात.

सर्च टर्म्स यानंतर. 116 च्या अडीच-तीन पट खर्चूनही एकही फॉर्म न आलेले शब्द काढ, पण शेवटचे काही दिवस धरू नकोस. कन्व्हर्जन क्लिकच्या तारखेला नोंदलं जातं, म्हणून ताजे दिवस नेहमी पडके दिसतात.

अजित:
पटलं. पण फोन टॅप सरसकट `Secondary`? सर्चवर 8 टॅप उरतात, त्यातले काही खरे ग्राहक असतील.

मंजिरी:
असतील. पण टॅप म्हणजे कॉल लागला असं नाही. फॉरवर्डिंग नंबर लावून ठरावीक सेकंदांपेक्षा लांब कॉलच मोजले, तर ते `Primary` करायला माझी हरकत नाही. किती सेकंद, ते मालकांचे कॉल किती लांब चालतात त्यावर ठरेल.

सायली:
रिपोर्टमध्ये जुने 240 दाखवू की 84?

मंजिरी:
दोन्ही, शेजारी-शेजारी, फोडीसकट. नाहीतर पुढच्या महिन्यात आकडा घसरला तो तुझ्यामुळे असं वाटेल.

अजित:
मी 84 च दाखवला असता. मालकाला चार रकाने दिले की तो गोंधळतो.