अनुभव धागा: शाळेच्या विज्ञान चॅनेलवर मूल दाखवायचं, तर पालकांना विचारायचं कसं?

विज्ञानबाई (सातारा)

आमच्या शाळेचं विज्ञान चॅनेल या वर्षी सुरू होतंय. पहिला व्हिडिओ सातवीचा, लिंबाच्या बॅटरीचा: जस्ताचा मुलामा असलेला खिळा, तांब्याची तार, चार लिंबं ओळीनं जोडायची आणि लाल एलईडी मंद पेटवायचा. पालकांना पाठवायचा संदेश कार्यालयातून तयार आला तो असा:

"आपल्या पाल्याचे विज्ञान चॅनेलसाठी चित्रीकरण होणार आहे. हरकत असल्यास शुक्रवारपर्यंत कळवावे, अन्यथा संमती गृहीत धरली जाईल."

हा असा पाठवायला माझं मन तयार नाही. ज्यांनी तो वाचलाच नाही त्यांचाही होकार यात धरला जातो. शिवाय नेमकं कशाला हो म्हणायचं, हेही त्यात कुठे नाही. तुम्हाला कसं विचारलं गेलं, तुम्ही कसं विचारलंत आणि पुढे काय झालं, ते सविस्तर लिहा.

दोन मुलांची आई (ठाणे)

आमच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात पोल टाकला होता, "संमती आहे / नाही". त्या पोलमध्ये कोणी काय निवडलं ते सगळ्यांना नावानिशी दिसतं. पहिल्या तासाभरात तीसेक "आहे" पडले. मी "नाही" निवडलं तर लगेच दोघींचे फोन, "अगं, काय झालं? शाळेवर विश्वास नाही का?" दुसऱ्या दिवशी मुलाला वर्गात विचारलं, तुझी आई का नको म्हणते. त्यानं घरी येऊन जेवताना तेच विचारलं. आणखी दोन पालकांना नको होतं, हे मला नंतर फाटकापाशी कळलं. पोल बघून त्यांनी "आहे" दाबलं होतं. माझं एवढंच म्हणणं: प्रत्येकाला वेगळं विचारा.

जि. प. मास्तर (बीड)

वेगळं विचारायचं म्हणून मी ब्रॉडकास्ट यादी केली. निम्म्या पालकांकडे संदेश पोचलाच नाही, कारण ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर साठवलेला असतो त्यालाच तो जातो. एक टिक दिसत राहते आणि आपल्याला वाटतं, बघतील सावकाश.

आमच्याकडचा खरा प्रश्न त्याच्याही पुढचा आहे. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर थेट कर्नाटकात. पोरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात. लेखी कागद पाठवला तर आजी अंगठा लावते, पण कशावर लावला ते तिला माहीत नसतं. म्हणून संध्याकाळी बाप कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, परतला की मी त्याला फोन लावतो, स्पीकरवर, पोरगं माझ्याशेजारी. सांगतो की हा व्हिडिओ गावाबाहेरचे, अनोळखी लोकही बघतील. मग बापाकडून त्याच्या शब्दांत व्हॉइस मेसेज मागवून घेतो. एका बापानं सांगितलं, "पोरगी दिसू द्या, पण आमी कारखान्यावर हाये ते नका सांगू." हे मला छापील कागदावरून कधी कळलं नसतं. व्हिडिओच्या सुरुवातीला "ऊसतोड कामगारांच्या मुलांचा प्रयोग" अशी पाटी टाकायचं ठरलं होतं. ती काढून टाकली.

नाशिककर बाबा

एवढी काळजी लागतच नाही. अपलोड करताना "मुलांसाठी बनवलेला" हा पर्याय निवडला की व्हिडिओखालच्या कमेंट बंद होतात आणि बघणाऱ्याच्या आवडीनिवडीवर बेतलेल्या जाहिरातीही थांबतात. तरी भीती वाटली तर "अनलिस्टेड" ठेवा. मग तो शोधात येत नाही, म्हणजे खासगीच झाला. संमती ही औपचारिकता आहे.

कॅमेरावाला (पुणे)

दादा, कमेंट आणि जाहिरातींचं बरोबर आहे. पण ते बघणाऱ्यासाठी झालं. दिसणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग मर्यादित. आणि अनलिस्टेड म्हणजे खासगी नव्हे. लिंक ज्याच्या हातात पडेल तो बघतो आणि पुढे पाठवतो. पन्नास पालकांच्या गटात टाकलेली लिंक संध्याकाळपर्यंत कुठे असेल ते सांगता येत नाही.

मी काही शाळांचे विज्ञान व्हिडिओ चित्रित आणि संपादित करतो. संमती कागदावर नीट घेतली तरी चित्रीकरणात ती कुठे कुठे निसटते ते लिहितो.

"नको" असलेली मुलं बाजूच्या बाकावर बसवली तर तुकड्यातुकड्यांत दिसतातच. त्यांना कॅमेऱ्याच्या मागे बसवायचं. मागे काचेचं कपाट किंवा समोर स्टीलचं पातेलं असेल तर त्यात चेहरे उमटतात, म्हणून चित्रीकरणाआधी एक चाचणी घेऊन ती मोठ्या पडद्यावर बघायची. फळ्याच्या कोपऱ्यातली हजेरी आणि नावं पुसायची. गळ्यातली ओळखपत्रं काढून ठेवायची, कारण आजच्या फोनच्या कॅमेऱ्यात त्यावरचा नंबर थांबवून वाचता येतो. आवाज तर कोणाच्या लक्षातच नसतो. मूल चौकटीत नसतं, पण बाई मागून पूर्ण नावानं हाक मारतात आणि ती तशीच राहून जाते.

लिंबाच्या बॅटरीला तर चेहऱ्याची गरजच नाही. कॅमेरा वरून खाली रोखा. टेबल, लिंबं, चार हात. खिळा खुपसणारा हात आणि पेटणारा एलईडी हेच बघण्यासारखं आहे. ज्याचे पालक "चेहरा नको" म्हणाले तो मुलगा असा प्रयोगाचा मुख्य माणूस होतो, त्याला कोपऱ्यात बसून राहावं लागत नाही. फक्त तुमच्या संदेशात हा पर्याय हवा. आत्ता तिथे हो किंवा नाही एवढंच आहे.

सकाळची शाळा

मला लिहावं की नको कळत नव्हतं. मी मुलीला घेऊन नवऱ्यापासून लांब, दुसऱ्या जिल्ह्यात राहते. तो शोधतोय. आम्हाला अशीच "हरकत असल्यास कळवा" चिठ्ठी आली. मी नको लिहिलं. वर्गशिक्षकांनी कारण विचारलं, तेही पालकसभेत, सगळ्यांसमोर. मी म्हटलं, घरगुती आहे. ते म्हणाले, "चेहरा नाही दाखवत, पाठमोरी घेतो." पण पाठमोरी घेतली तरी गणवेश दिसतो, शर्टावरचा बिल्ला दिसतो, आणि व्हिडिओच्या नावातच शाळा आणि गाव असतं. माझ्या मुलीची चाल तिचा बाप लांबून ओळखेल.

म्हणून बाई, तुमच्या संदेशात एक ओळ नक्की घाला, की "नाही" म्हटलं तर कारण विचारलं जाणार नाही.

आजोबा (डोंबिवली)

विषय चांगला काढलात. माझा नातू अकरा वर्षांचा. तो स्वतःचं चॅनेल काढायचं म्हणतो, जादूचे प्रयोग दाखवणार. शाळेनं लेखी परवानगी दिली तर चालेल ना?

कॅमेरावाला (पुणे)

आजोबा, ही वेगळी गोष्ट आहे. तेरा वर्षांच्या आत त्याला स्वतःचं चॅनेल चालवता येत नाही आणि यात शाळेची परवानगी लागूही पडत नाही. त्याच्या आईवडिलांशी बोला. हवं तर वेगळा धागा काढा, मी तिथे लिहीन.

वकीलताई (छत्रपती संभाजीनगर)

कायद्याचं थोडक्यात. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 चा. त्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. ती मोकळेपणानं, ठरावीक कारणासाठी, समजून आणि स्पष्टपणे दिलेली हवी. "अन्यथा गृहीत धरू" यात ती बसत नाही. दिलेली संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. मुख्य बंधनांना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. शाळांनी तोवर थांबायचं कारण नाही.

दुसरा मुद्दा शिक्षकांना सहसा ठाऊक नसतो. वर्गात बालगृहातलं मूल असेल तर तिथल्या अधीक्षकांची सही घेऊन पुढे जाऊ नका. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही, आणि त्यात नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र सगळं येतं. अशा मुलाला वरून घेतलेल्या चौकटीतले हात द्या, नाव कुठेही नको.

एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही पक्कं नाही. आई हो म्हणते, वेगळा राहणारा बाप नाही म्हणतो, न्यायालयात ताब्याचा दावा चालू. मी अशा शाळेला दाखवू नका असंच सांगते. एका मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं की मूल ज्याच्याकडे राहतं त्याचा शब्द पुरे. त्यावर आमचं एकमत झालं नाही.

दहावीतली मुलगी

मी सहावीत असताना शाळेच्या व्हिडिओत ज्वालामुखीचा प्रयोग सांगितला होता. आईनं सही केली होती. मला कोणीच विचारलं नव्हतं. मी बोलताना मध्येच अडखळून डोळे मिटले होते. आठवीत वर्गातल्या मुलांनी नेमका तोच क्षण कापून त्याचं स्टिकर केलं. शाळेनं सांगितल्यावर व्हिडिओ काढला, पण स्टिकर अजून फिरतं. पालकांना विचारताना आम्हालाही विचारा. आणि चढवण्याआधी तो एकदा आम्हाला दाखवा. मी बघितला असता तर तेवढा तुकडा काढा म्हटलं असतं.

विज्ञानबाई (सातारा)

तुम्हा सगळ्यांचं वाचून संदेश पुन्हा लिहिला. मुख्याध्यापकांना उद्या दाखवते. प्रत्येक पालकाला वेगळा जाईल, आणि ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांना फोन.

"नमस्कार. सातवीची मुलं लिंबाच्या बॅटरीचा प्रयोग करणार आहेत. त्याचा पाच मिनिटांचा व्हिडिओ शाळेच्या यूट्यूब चॅनेलवर जाईल. तो कोणीही, कुठूनही बघू शकेल. शाळेचं नाव त्यात असेल, मुलांची नावं नसतील. आपल्या मुलाबद्दल यांपैकी काय चालेल ते कळवा: (1) चेहरा आणि आवाज (2) फक्त आवाज (3) फक्त हात (4) काहीच नको. काहीही निवडलंत तरी मूल प्रयोग करणारच आहे आणि कारण विचारलं जाणार नाही. हा होकार या एकाच व्हिडिओपुरता आहे. प्रवेशाच्या जाहिरातीत किंवा फलकावर तो वापरणार नाही. चढवण्याआधी व्हिडिओ मुलांना आणि आपल्याला दाखवू. नंतर मत बदललं तर मला या नंबरवर कळवा, तीन दिवसांत चेहरा झाकू किंवा व्हिडिओ काढू. मात्र तोवर कोणी उतरवून घेतला असेल तर ती प्रत आम्हाला परत आणता येणार नाही. उत्तर आलं नाही तर आपलं मूल दाखवणार नाही."

मुलांना मी वर्गात न विचारता एकेकाला प्रयोगशाळेत बोलावून विचारणार आहे.

दोन मुलांची आई (ठाणे)

"प्रत परत आणता येणार नाही" हे लिहिलंत ते फार बरं केलंत. असं कोणतीच शाळा सांगत नाही. नुसता अंगठ्याचा इमोजी आला तर काय धरणार? आमच्या गटात निम्मे लोक अंगठाच पाठवतात.

विज्ञानबाई (सातारा)

आकडा मागणार. अंगठा म्हणजे वाचलं, एवढंच धरणार.

सकाळची शाळा

चार नंबर आहे, आणि कारण विचारणार नाही असंही आहे. मला पुरे. फक्त व्हिडिओच्या नावातून गाव काढता येईल का?

विज्ञानबाई (सातारा)

गाव काढते. शाळेच्या नावाचं मुख्याध्यापकांशी बोलावं लागेल, चॅनेलच त्या नावानं आहे.

जि. प. मास्तर (बीड)

बाई, हाच संदेश मी बोलून व्हॉइस मेसेज करून पाठवीन, चालेल ना? आणि झाकायचं काम कसं करतात? आमच्याकडे संपादन येणारं कोणी नाही.

कॅमेरावाला (पुणे)

मास्तर, यूट्यूब स्टुडिओच्या एडिटरमध्येच चेहरा धूसर करायची सोय आहे. चढवलेल्या व्हिडिओवरही चालते आणि लिंक तीच राहते. प्रक्रियेला काही तास लागू शकतात. मूल मान वळवतं तिथे धूसरपणा सुटतो, म्हणून जतन केल्यावर पुन्हा पूर्ण बघा. पण त्यानं आवाज जात नाही. आवाजही नको असेल तर तेवढा भाग एडिटरमध्ये कापून टाका, नाहीतर जुना व्हिडिओ काढून दुरुस्त केलेला नव्यानं चढवा. त्याच लिंकवर फाइल बदलता येत नाही.