उत्पादन शुल्क आणि विक्रीकर: फरक फक्त फाटक आणि गल्ल्याचा?

समीर_व: दारूवर उत्पादन शुल्क घ्या नाहीतर विक्रीकर, शेवटी पैसे गिऱ्हाइकाच्याच खिशातून जातात. एक कारखान्याच्या फाटकावर घेतात, एक दुकानाच्या गल्ल्यावर. एवढ्यासाठी दोन कायदे आणि दोन खाती कशाला?

फाटकवाला: हे वाचून गप्प बसवेना. बाटलीचा खर्च ५०, शुल्क ४०, म्हणजे कारखान्यातून ती ९० ला निघते. घाऊक व्यापारी १० टक्के चढवतो, ९९. किरकोळवाला त्यावर २० टक्के, ११८.८०. आता तेच ४० गल्ल्यावर घ्या: ५०, मग ५५, मग ६६, आणि वर ४०. झाले १०६. सरकारला दोन्हीकडे ४०च मिळाले आणि गिऱ्हाइकाने १२.८० जास्त मोजले. शुल्कावरही नफा चढतो, तो हा.

शिवाय विक्रीकर विक्री झाली तरच लागतो. शुल्क माल बनल्यामुळे लागतं. बाहेर पडलेला माल दुकानात सहा महिने पडून राहिला तरी शुल्काचे पैसे गुंतलेलेच.

समीर_व: व्यापारी टक्क्यांनी चढवतो हे तुम्ही गृहीत धरलंत. बाटलीमागे ठरलेली रक्कम घेत असेल तर तुमचे १२.८० गायब!

फाटकवाला: तेवढं मान्य. पण गुंतलेल्या ४० वरचं व्याज कुठे जातं, तेही सांगा.

दुकानमालक: माझ्या दुकानात पेटी फुटली. शुल्क परत मिळेल का?

फाटकवाला: सहसा नाही. ते तुमच्या खरेदीच्या किमतीत मुरलेलं आहे. विक्री झालीच नाही, म्हणून त्या बाटल्यांवर विक्रीकर मात्र लागत नाही. हाच तर फरक आहे.

पिंपमोज्या: फाटक फाटक काय लावलंय? शुल्क बनवताना कुठल्या टप्प्यावर मोजतात, त्यावर सगळं ठरतं. ब्रिटनमध्ये १८८० पासून बिअरचं शुल्क आंबवण्याआधीच्या माल्टच्या गोड रसावर होतं. रसाचं आकारमान आणि घनता मोजायची, त्यातून बनवताना वाया जाणाऱ्या मालापोटी सरसकट ६ टक्के घट वजा करायची, बाकीवर शुल्क. ज्याची खरी घट ४ टक्के, त्याला २ टक्के बिअर बिनशुल्काची पडायची. ज्याची ९ टक्के, तो कधी तयारच न झालेल्या बिअरचं शुल्क भरायचा. आणि साखर अर्धवट आंबलेली गोड बिअर आणि पूर्ण आंबलेली कडक बिअर, सुरुवातीची घनता सारखी असली की शुल्कही सारखंच! १९९३ मध्ये हे बदललं. तेव्हापासून तयार बिअरमधल्या अल्कोहोलवर आणि बाहेर पडताना आकारणी होते.

समीर_व: म्हणजे तुम्हीच कबूल करताय की उत्पादनावर मोजणं फसवं असतं. गल्ल्यावर हा गोंधळच नाही.

पिंपमोज्या: गल्ले हजारो असतात, कारखाने मोजके. मोजके कारखाने मोजणं सोपं. तुम्ही कधी घटीचा हिशेब केलाय का?

गोदाम_नोंद: घटीचाच विषय निघालाय तर माझा प्रश्न. पिंपात मुरणाऱ्या मालावर शुल्क गोदामातून बाहेर काढताना लागतं. मग मधल्या तुटीचं काय?

पिंपमोज्या: लिटर मोजू नका, शुद्ध अल्कोहोल मोजा. २०० लिटर माल, त्यात अल्कोहोल ६३ टक्के, म्हणजे १२६ लिटर शुद्ध. पाच वर्षांनी १८२ लिटर, ६२ टक्के निघालं तर ११२.८४. घट १३.१६ लिटर, म्हणजे साधारण १०.४ टक्के, वर्षाला दोनच्या आसपास. थंड हवेत एवढं बाष्पीभवन नेहमीचं. पण पिंपात १६० लिटर सापडलं, तीव्रता तीच ६२, तर घट २१ टक्क्यांवर जाते. ती हवेत उडाली म्हणून सुटत नाही. गळती किंवा चोरीचा पुरावा मागतात, आणि खुलासा पटला नाही तर न विकलेल्या मालावरही शुल्क. उलट आकारमान जागच्या जागी आणि तीव्रता घसरलेली असेल तर कुणीतरी पाणी घातलंय.

गोदाम_नोंद: आमच्याकडे उन्हाळ्यात मोजलं की माल वाढलेला दिसतो.

पिंपमोज्या: तापमान दुरुस्त न करता लिहिता का? दहा अंशांनी आकारमान जवळपास एक टक्का फुगतं. २० अंशांवर आणूनच नोंद करा, नाहीतर हिवाळ्यात तीच घट म्हणून तुमच्या नावावर येईल.

फाटकवाला: समीर, पाहिलंत? विक्रीकराच्या खात्यात घनता मोजणारं हायड्रोमीटर लागत नाही. दोन खाती का, याचं एक कारण हे.

समीर_व: मोजमाप वेगळं आहे, मानलं. पण मोजायचं ते फाटकावर मोजा, वसुली मात्र गल्ल्यावर करा. ते का जमत नाही, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

पिंपमोज्या: फाटकाबाहेर शुल्क न भरलेला माल मोकळा सोडला, तर तो गल्ल्यापर्यंत पोचेल याची हमी कोण देणार? वाटेत नाहीसा झालेल्या पेटीची पावती कोणत्याच दुकानात फाडली जात नाही.

समीर_व: मग वाहतुकीवर तारण घ्या.

फाटकवाला: तारण घेतलं की पैसे पुन्हा विक्रीआधीच गुंतले. कुणाचे, तेवढं ठरवा.