आईची एफडी मध्येच मोडावी का? पावतीवरचे आकडे समजून घ्यायला मदत हवी

रेवा_सातारा
आईची २ लाखांची एफडी आहे. पावतीवर लिहिलंय ते असं: तारीख १२ ऑगस्ट २०२४, मुदत २४ महिने, दर ७%, मुदतीअंती २,२९,७७६ रुपये. खाली ‘ऑटो रिन्यूअल: येस’ आणि ‘प्रीमॅच्युअर क्लोजर: बँकेच्या नियमांनुसार’. घराच्या छपरासाठी आत्ता, म्हणजे पंधराव्या महिन्याच्या शेवटी, दीड लाख लागणार आहेत. मोडली तर हातात किती येतील? आणि ७ टक्क्यांनी दोन वर्षांचे २८,००० होतात, मग वरचे १,७७६ कुठून आले?

दामले_काका
वरचे पैसे चक्रवाढीचे. दर तीन महिन्यांनी व्याज मुद्दलात जातं आणि पुढच्या तिमाहीत त्यावरही व्याज लागतं. मोडायची असेल तर सोपं आहे, १% दंड. २ लाखांचे २,००० कापतील, बाकी सगळं मिळेल.

पासबुक७२
चक्रवाढीचं काकांनी बरोबर सांगितलं. ते आकड्यावरूनच कळतं: सरळ व्याज असतं तर २,२८,०००, वर्षाला एकदा चक्रवाढ असती तर २,२८,९८०, आणि तिमाही असेल तरच २,२९,७७६.

पण दंडाचं तसं नसतं, काका. मी शाखेत बरीच वर्षं ठेवींच्या टेबलावर होतो आणि लोक सर्वात जास्त इथेच चुकत. १% मुद्दलातून कापत नाहीत, व्याजाच्या दरातून कमी करतात. शिवाय तो ७ टक्क्यांतूनही कमी होत नाही. ठेव प्रत्यक्षात जितके महिने राहिली, त्या मुदतीला ठेव ठेवली त्या दिवशी जो दर होता, तो आधी धरतात. समजा, १२ ऑगस्ट २०२४ ला १५ महिन्यांचा दर ६.७५% होता. त्यातून १% गेला की ५.७५%. त्या दराने पाच तिमाहींचे होतात साधारण २,१४,७९४. सात टक्क्यांनी आजपर्यंत २,१८,१२३ झाले असते, म्हणजे ३,३०० च्या वर फटका. रेवाताई, बँकेकडून दोनच गोष्टी विचारून घ्या: त्या तारखेचा १५ महिन्यांचा दर आणि दंड अर्धा टक्का की एक. पावतीवर त्या छापलेल्या नाहीत.

कोकणकडा
माझाही अनुभव ऐका. बाबांची तीन वर्षांची ठेव ऑटो रिन्यूअलने परत तीन वर्षांसाठी गेली, तीही त्या दिवशीच्या कमी दराने. पाच महिन्यांनी कळलं. मोडायला गेलो तर पाच महिन्यांचा दर वजा दंड. म्हणून मी सांगतो, रिन्यूअल बंदच ठेवा.

पासबुक७२
तुमचा राग समजतो, पण बंद ठेवून विसरलात तर तेही महागात पडतं. जुलै २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: मुदत संपून तशीच पडून राहिलेल्या ठेवीला बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा मूळ दर, यातला जो कमी असेल तो लागतो. बंद करायचं तर १२ ऑगस्ट २०२६ ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा.

आणि रेवाताई, मोडण्याआधी ठेवतारण कर्जाचं बघा. बँका बहुधा ठेवीच्या दरावर १% लावतात, म्हणजे ८%. दीड लाखाचं नऊ महिन्यांचं व्याज ढोबळ ९,०००. ठेव पूर्ण झाल्यावर २,२९,७७६ मधून १,५९,००० गेले की ७०,७७६ उरतात. आत्ता मोडून दीड लाख काढलेत तर ६४,७९४ उरतील, आणि ते नऊ महिने कुठेही ठेवलेत तरी ७०,००० ला पोचणं कठीण.

दामले_काका
कर्ज कशाला काढायचं स्वतःच्या पैशावर? पण हिशेब पटला. दंडाचं मी आजवर चुकीचंच धरत होतो.

रेवा_सातारा
आज आईला घेऊन शाखेत गेले होते. १५ महिन्यांचा दर ६.७५ च निघाला, दंड १%. तारण कर्ज ८ टक्क्यांनी द्यायला तयार आहेत, तेच करतोय. रिन्यूअल बंद करायचा अर्ज दिला, तर काउंटरवरची बाई म्हणाली की कर्ज असेपर्यंत सूचना बदलता येते की नाही ते साहेबांना विचारावं लागेल, आणि साहेब सोमवारपर्यंत रजेवर. असं कुणाचं झालंय का?

कोकणकडा
माझं नाही झालं. पण अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का घेतलात ना?

रेवा_सातारा
नाही घेतला. सोमवारी घेते.